थरथरता हात आणि माउस: हात थांबवायचा की काम चालू ठेवायचं?

"डॉक्टर, हात थरथरतो. थांबेल असं काहीतरी द्या." साठी ओलांडलेली मंडळी ही तक्रार घेऊन येतात. सोबत आलेल्या मुलाच्या किंवा सुनेच्या चेहऱ्यावर वेगळाच प्रश्न असतो: हा कंपवात तर नाही ना?

कंपवात नाही असं ठरलं की सगळ्यांना हायसं वाटतं. गोळी लिहून दिली जाते, ती थोडीफार लागू पडते आणि विषय तिथेच संपतो. माझं म्हणणं असं आहे की विषय तिथे संपू नये. हात किती थरथरतो एवढंच आपण बघतो. त्या थरथरीमुळे या माणसाचं नेमकं कोणतं काम अडलं आहे, हे क्वचितच विचारतो. अनेकदा हात पूर्ण थांबवता येत नाही, पण अडलेलं काम सोडवता येतं. ते कसं, हे एका गोष्टीतून सांगतो. गोष्टीतले काका काल्पनिक आहेत, पण त्यांच्या अडचणी अनेक रुग्णांच्या आहेत.

काकांची तक्रार

काका ६८ वर्षांचे. सरकारी कार्यालयात कारकून म्हणून ३४ वर्षं काढली. निवृत्तीनंतर राहत्या सोसायटीचे खजिनदार झाले. बत्तीस फ्लॅट, दर महिन्याचा मेंटेनन्स, पावत्या, पाण्याच्या टँकरची बिलं, सगळं एक्सेलमध्ये. पेन्शन आणि मुदत ठेवींचे व्यवहारही ते घरच्या कॉम्प्युटरवरूनच करायचे.

थरथर तीन-चार वर्षांपासून होती. आधी फक्त चहाचा कप बशीत वाजायचा. मग सही बँकेतल्या नमुन्याशी जुळेना. आणि गेल्या वर्षभरात माउस हातात धरवेना. बाण नेमक्या चौकटीवर आणावा तर तो शेजारी उडी मारायचा. एकदा २०४ नंबरच्या फ्लॅटची रक्कम ३०४ च्या रांगेत पडली. सभेत त्यावरून बोलणं झालं. नोकरीत खतावणीत कधी खाडाखोड न केलेल्या माणसाला ते फार लागलं.

त्यानंतर काकांनी दोन गोष्टी केल्या. खजिनदारपद सोडायचं म्हणून राजीनाम्याचा कागद लिहून ठेवला. आणि बँकेचा पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून शेजारच्या मुलाला दिला, "माझं एवढं करून देत जा" म्हणून. घरच्यांना मात्र सांगितलं की डोळ्यांनी नीट दिसत नाही. तपासणीला ते आले तेही काकूंनी आणलं म्हणून. काकू म्हणाल्या, "अहो, डोळ्यांचं काही नाही. चष्मा परवाच बदललाय. हात दाखवा डॉक्टरांना."

माउस न धरता येणं ही फार लहान तक्रार वाटते. पण तिच्यामुळे एका माणसाच्या पैशांच्या चाव्या दुसऱ्याच्या हातात गेल्या होत्या, हे लक्षात घ्या.

थरथर कोणती, हे आधी ठरवायचं

कोणतंही साधन विकत आणण्याआधी ही पायरी चुकवू नका. काकांना आधी हात मांडीवर सैल ठेवून बसायला सांगितलं आणि शंभरपासून उलटे आकडे म्हणायला लावले. लक्ष दुसरीकडे गेलं तरी हात शांत होते. मग दोन्ही हात समोर ताणून धरायला सांगितले, तेव्हा बोटं थरथरू लागली, उजवीकडे जास्त, डावीकडे थोडी कमी. एका पेल्यातलं पाणी दुसऱ्यात ओतताना पेला पेल्याजवळ आला तशी थरथर वाढली. कागदावर शंखासारखं वर्तुळात वर्तुळ काढायला दिलं, तर रेघ सगळीकडे नागमोडी आली. अक्षर वेडंवाकडं होतं, पण लहान झालेलं नव्हतं.

हे चित्र 'इसेन्शियल ट्रेमर'चं आहे. यात हात काम करताना किंवा एका स्थितीत धरून ठेवताना थरथरतो आणि विश्रांतीत शांत असतो. अनेकांच्या घरात तो आधीच्या पिढीतही असतो. काकांनाही आठवलं, "आमच्या वडिलांचा हात जेवताना असाच हलायचा."

कंपवातात, म्हणजे पार्किन्सन्समध्ये, बहुधा उलट असतं. हात मांडीवर ठेवलेला असताना थरथरतो आणि काहीतरी उचलायला गेलं की कमी होतो. सुरुवात एका बाजूने होते. हालचाली मंदावतात, अक्षर बारीक होत जातं, चालताना एक हात झुलत नाही. ही लक्षणं काकांना नव्हती.

तिसरा प्रश्न औषधांचा. थायरॉइड वाढलेलं असेल तर हात थरथरतात, म्हणून ती तपासणी केली. ती नॉर्मल आली. पण काकांना जुना दमा होता आणि सकाळी दम लागला की ते साल्ब्युटामॉलचा पंप घेत. या पंपाने दमा सुटतो, पण काही वेळ हातांची थरथर वाढते. काका पंप घेऊन लगेच कॉम्प्युटरपुढे बसत होते, म्हणजे दिवसातली सर्वांत वाईट वेळ निवडत होते. दमा नीट आटोक्यात राहील असं नियमित औषध सुरू केलं, पंपाची गरज कमी झाली. हिशेबाची वेळही दुपारवर नेली. एवढ्यानेही थोडा फरक पडला.

तुमच्याही औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा. फिट्ससाठीचं व्हॅल्प्रोएट, लिथियम, नैराश्यावरच्या काही गोळ्या यांनी थरथर वाढू शकते. चक्कर येते म्हणून महिनोन्महिने घेतलेली सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन, पित्तासाठी चालू राहिलेली लेव्होसल्पिराइड यांनी कंपवातासारखी लक्षणंही येऊ शकतात. मात्र कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नका.

गोळ्या होत्या, पण काकांना जमल्या नाहीत

इसेन्शियल ट्रेमरवर दोन औषधं मुख्यतः वापरली जातात: प्रोप्रॅनोलॉल आणि प्रिमिडोन. अनेकांना त्यांनी चांगला आराम मिळतो, पण सगळ्यांना नाही आणि थरथर पूर्ण जाणं विरळाच. प्रोप्रॅनोलॉल दमा असलेल्यांना देत नाहीत, कारण त्याने श्वासनलिका आवळू शकतात. काकांचा तो रस्ता बंद. प्रिमिडोन अगदी लहान मात्रेत सुरू केलं, तर पहिल्याच आठवड्यात रात्री बाथरूमला उठताना त्यांना गरगरलं. या वयात पडून खुबा मोडण्याचा धोका थरथरीपेक्षा मोठा. गोळी बंद केली.

काकांनी हळूच एक विचारलं, "लग्नात दोन घोट घेतले होते तेव्हा हात थांबला होता. ते चालेल का?" दारूने ही थरथर तात्पुरती कमी होते हे खरं आहे. पण उतरताना ती पुन्हा वाढते आणि रोज त्या आधाराने हिशेब लिहायला बसणं म्हणजे व्यसनाला आमंत्रण. उत्तर 'नाही' असंच होतं.

मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याची शस्त्रक्रियाही असते. ज्यांना जेवणंसुद्धा अशक्य झालं आहे अशांना तिचा विचार जरूर करावा. काका घास व्यवस्थित घेत होते. त्यांचं अडलं होतं माउसवर.

माउसच का अडतो?

काकांना सांगितलं की घरी कॉम्प्युटरवर काम करताना हाताचा मोबाइलवर व्हिडिओ काढून आणा. नातवाने तो काढला. त्यात तीन गोष्टी दिसल्या.

पहिली, कोपर अधांतरी होतं. माउस टेबलाच्या खालच्या सरकत्या फळीवर होता आणि हाताला टेकू नव्हता. माउस चालवताना हात ते साधन स्वतःबरोबर घेऊन फिरतो, त्यामुळे खांदा, कोपर, मनगट या सगळ्यांची थरथर बाणापर्यंत पोचते.

दुसरी, बाण लांबून यायचा तेव्हा ठीक यायचा, पण चौकटीच्या जवळ आल्यावर जास्त हलायचा. पाण्याच्या पेल्याचं जे झालं तेच इथे. या थरथरीत अनेकांना नेमकं लक्ष्य गाठताना त्रास वाढतो. म्हणून मोठी बटणं जमतात आणि एक्सेलच्या बारीक चौकटी छळतात.

तिसरी सर्वांत महत्त्वाची. बाण एकदाचा योग्य जागी आला, काकांनी बटण दाबलं, आणि दाबण्याच्या धक्क्यानेच माउस सरकला. क्लिक शेजारच्या रांगेत गेलं. २०४ चे ३०४ असेच झाले होते. डबल क्लिक तर त्याहून कठीण. विंडोजमध्ये मुळात ठरलेली मुदत अर्ध्या सेकंदाची असते. तेवढ्यात दोनदा दाबायचं आणि मधे माउस हलू द्यायचा नाही, ही थरथरत्या हाताची परीक्षाच आहे.

थोडक्यात, माउसमध्ये बाण नेणं आणि बटण दाबणं ही दोन कामं एकाच हलत्या वस्तूवर होतात. ट्रॅकबॉल ती दोन कामं वेगळी करतो.

ट्रॅकबॉल म्हणजे काय आणि तो इथे का चालतो?

ट्रॅकबॉल म्हणजे एका बैठकीत बसवलेला गोळा. बैठक टेबलावर स्थिर राहते, आपण बोटांनी फक्त गोळा फिरवतो आणि बाण सरकतो. हात टेबलावर टेकलेला राहतो, त्यामुळे खांदा आणि कोपर या खेळातून बाहेर जातात. आणि बाण जागेवर आला की गोळ्यावरून बोटं उचलता येतात. बाण तिथेच थांबतो. मग बटण दाबलं तरी गोळा हलत नाही.

काकांनी पहिला ट्रॅकबॉल भाच्याकडून उसना आणला. तो अंगठ्याने फिरवायचा होता, त्याचा गोळा मोठ्या बोराएवढा. तो जमला नाही. एकट्या अंगठ्यावर सगळा भार आणि तो अंगठाही थरथरणारा. शिवाय बाकीचा हात बटणांवरच राहत असल्याने चुकून दाबलं जायचं. दोन दिवसांत अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागलं. काका म्हणाले, "हेही आपल्यासाठी नाही."

इथे बरेच जण थांबतात. पण ट्रॅकबॉल दोन जातींचे असतात. दुसऱ्या जातीत गोळा मधोमध असतो आणि मोठा, साधारण साडेपाच सेंटिमीटर व्यासापर्यंतचा. तो दोन-तीन बोटांनी किंवा तळव्यानेही फिरवता येतो. मोठ्या गोळ्याला वजन असतं, त्यामुळे बोटाच्या बारीक थरथरीने तो तितका सहज हलत नाही. बटणं गोळ्याच्या बाजूला, लांब असतात. थरथर असणाऱ्यांनी आधी हा प्रकार बघावा. तो साध्या माउसच्या कित्येक पट महाग पडतो, म्हणून परत घेण्याची सोय असलेल्या ठिकाणाहूनच घ्यावा किंवा कोणाकडे असेल तर आधी वापरून बघावा.

पहिले तीन आठवडे

पहिले चार दिवस काकांना ट्रॅकबॉल माउसपेक्षाही वाईट वाटला. बाण या टोकाहून त्या टोकाला पळायचा. त्यावर नातवाने विंडोजच्या Additional mouse settings मध्ये जाऊन Pointer Options या भागात दोन बदल केले. बाणाचा वेग बराच कमी केला आणि Enhance pointer precision ही खूण काढली. नावावरून ती अचूकता वाढवणारी वाटते, पण तिचं काम असं की हात जितका झटक्यात हलेल तितका बाण जास्त लांब नेणं. थरथर म्हणजे झटकेच, त्यामुळे काहींचा बाण त्याने जास्त उडतो. खूण ठेवून आणि काढून, दोन्ही प्रकारे बघा.

मग बसण्याची पद्धत बदलली. सरकती फळी बंद, कीबोर्ड आणि ट्रॅकबॉल टेबलावर, कोपरापासून मनगटापर्यंतचा हात टेबलावर टेकलेला.

आणि शेवटी एक सवय लावली, तीन तुकड्यांची. गोळा फिरवा. बोटं उचला. मग दाबा. काका दाबण्यासाठी डावा हात वापरू लागले, कारण तो कमी थरथरत होता. उजव्याने बाण न्यायचा, डाव्याने बटण दाबायचं. डबल क्लिक सोडूनच दिलं. फाइलवर एकदा क्लिक आणि मग कीबोर्डवरचं Enter. एक्सेलमध्ये शेजारच्या चौकटीत जायला बाणाऐवजी कीबोर्डवरच्या बाणाच्या कळा. सरावासाठी रोज पंधरा मिनिटं पत्त्यांचा सॉलिटेअर, कारण त्यात चूक झाली तरी कोणाचे पैसे इकडचे तिकडे होत नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात काकांनी बत्तीस फ्लॅटच्या नोंदी एका बैठकीत, एकट्याने केल्या. पूर्वीपेक्षा वेळ जास्त लागला. चुका तपासल्या, एकही नव्हती. त्यांनी राजीनाम्याचा कागद फाडला आणि बँकेचा पासवर्ड बदलला. माझ्या दृष्टीने उपचाराचं यश या दुसऱ्या गोष्टीत आहे. हात पुढे ताणल्यावर अजूनही तितकाच थरथरत होता.

काय सुटलं नाही

ट्रॅकबॉलने थरथर बरी होत नाही. चहाचा कप अजून वाजतो. चेकवरची सही जुळत नाही म्हणून काकांना बँकेत जाऊन नमुना सही नव्याने द्यावी लागली.

एखादी गोष्ट ओढून दुसरीकडे नेणं, म्हणजे ड्रॅग करणं, ट्रॅकबॉलवर माउसपेक्षा अवघड जातं, कारण बटण दाबून ठेवून गोळा फिरवावा लागतो. त्यावर Buttons या भागातली Turn on ClickLock ही सोय कामी येते. बटण थोडा वेळ दाबून सोडलं की ते दाबलेलंच राहतं, पुन्हा दाबलं की सुटतं. शिवाय गोळ्याखाली बोटांचा तेलकटपणा आणि धूळ साचते. बाण अडखळू लागला तर थरथर वाढली असं समजण्याआधी गोळा काढून खालची जागा कोरड्या कपड्याने पुसा.

थरथर फार मोठी असेल, बोट गोळ्यावर ठेवताच तो गरगरत असेल, तर ट्रॅकबॉलचा हट्ट धरू नका. विंडोजमधल्या Mouse keys या सोयीने कीबोर्डवरच्या आकड्यांच्या कळांनी बाण चालवता येतो. हळू असतं, पण बाण थरथरत नाही. आणि कंपवात असलेल्यांना मुख्य अडचण बोटांच्या मंदपणाची असेल, तर ट्रॅकबॉलचा फायदा इतका होईलच असं नाही. तिथे औषधांची वेळ आणि मात्रा आधी जुळवावी लागते.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा

"हात थरथरतो" एवढंच सांगू नका. अडलेली दोन-तीन कामं सांगा: सही, माउस, डाळीचा चमचा, सुईत दोरा, जे असेल ते. त्या कामाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ न्या. सगळ्या गोळ्या आणि पंप पिशवीत घालून न्या. आणि विचारा, "हे काम दुसऱ्या साधनाने किंवा दुसऱ्या पद्धतीने करता येईल का?" शक्य असेल तर ऑक्युपेशनल थेरपिस्टची चिठ्ठी मागा. हेच त्यांचं शास्त्र आहे.

थरथर थोड्या दिवसांत अचानक वाढली, एकाच बाजूला सुरू झाली, नवीन औषधानंतर आली, सोबत वजन घटतंय आणि छाती धडधडतेय, किंवा हालचाली मंदावल्या आहेत, तर साधनांच्या शोधात वेळ घालवू नका, आधी तपासून घ्या. हातासोबत तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं किंवा एका बाजूची ताकद गेली, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा.

घरच्यांना एक विनंती. "द्या आजोबा, मी करून देतो" हे प्रेमाने म्हटलेलं असतं, पण रोज म्हटलं तर त्या माणसाचं एकेक काम सुटत जातं. आधी त्यांच्या शेजारी बसून दहा मिनिटं बघा, काम नेमकं कुठे अडतं. चाचपडणाऱ्या माणसाकडे टक लावून मात्र बघू नका. कोणी बघतंय म्हटलं की ही थरथर आणखी वाढते.